दुसऱ्या सत्राची फी दोन हप्त्यांत: शाळेच्या कार्यालयाला अर्ज कसा लिहावा

शाळेच्या कार्यालयात खिडकीच्या आतल्या बाजूला मी चौदा वर्षं बसते आहे. फीची शेवटची तारीख जवळ आली की त्या खिडकीतून पैशांसोबत अर्जही येऊ लागतात. कुणाच्या घरी ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचे वडील गेलेले असतात, कुणाची नोकरी सुटलेली असते. मागणी बहुतेकांची एकच असते: सगळी फी एकदम जमणार नाही, दोन हप्त्यांत घ्या. काही अर्ज दोन दिवसांत मंजूर होऊन येतात. काही मात्र तीन-तीन आठवडे फायलीत पडून राहतात आणि तोवर मुलाच्या नावासमोर दंड चढत राहतो. अडचण लहान की मोठी, यावर ते ठरत नाही. पडून राहिलेला अर्ज उघडून पाहिला तर त्यात संकटाचं वर्णन पानभर असतं, पण किती रुपये आणि कोणत्या तारखेला भरणार, हे कुठेच नसतं.

मुख्याध्यापिका बाई अर्जाच्या समासात शेरा मारतात: 'मंजूर. लेखा विभागाने नोंद घ्यावी.' मग तो कागद माझ्या टेबलावर येतो आणि मी संगणकात त्या मुलाच्या नावावर दोन रकमा आणि दोन तारखा टाकते. अर्जात रकमा-तारखाच नसतील, तर बाई शेरा कशावर मारणार? त्या 'पालकांना भेटायला बोलवा' असं लिहितात. पालक हॉस्पिटलात असतात, फोन उचलत नाहीत, आणि अर्ज तिथेच अडकतो.

हे सगळं लागू होतं ते मुख्यतः विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांना, कारण मोठ्या रकमेची फी तिथेच असते. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के आरक्षणातून प्रवेश झालेल्या मुलाला आठवीपर्यंत शिकवणी फी भरायचीच नसते. त्याच्या पालकांना कुणी शिकवणी फीचा हप्ता मागत असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे आणि तिथे हा अर्ज करू नये.

लिहायला बसण्याआधी

पहिलं काम फीचा तक्ता काढण्याचं. अ‍ॅपवर किंवा जूनमधल्या पावतीवर फी वेगवेगळ्या शीर्षांखाली फोडून दिलेली असते. बहुतेक पालक फक्त खालची बेरीज बघतात. पण शाळेच्या दृष्टीने त्या बेरजेतले सगळे पैसे सारखे नसतात. शिकवणी फी शाळेच्या खात्यात राहते, तिच्यातून पगार होतात. ती थोडी मागेपुढे झाली तर शाळा सांभाळून घेते. बसचे पैसे मात्र बऱ्याच शाळांत ठेकेदाराला दरमहा द्यावे लागतात. दहावीच्या परीक्षेचं शुल्क राज्य मंडळाला ठरलेल्या मुदतीत जातं. मुदत चुकली की विलंब शुल्क लागतं. ते शाळेच्या हातात नसतं, त्यामुळे त्याला हप्ता मिळत नाही. म्हणून शाळेबाहेर जाणारे पैसे पहिल्या हप्त्यात पूर्ण भरायचे आणि सवलत शिकवणी फीत मागायची. असं लिहून आलेला अर्ज बघितला की कळतं, या माणसाने तक्ता वाचलाय. अशा अर्जाला नाही म्हणायला शाळेकडे फारसं कारण उरत नाही.

दुसरं काम दुसऱ्या हप्त्याची तारीख ठरवण्याचं. इथे बहुतेकांची चूक होते. 'पुढच्या महिन्यात भरतो' असं म्हणताना पैसे नेमके कुठून येणार, हे ठरलेलं नसतं. आधी तो स्रोत शोधा: पगार, भिशीचा नंबर, मुदत संपणारी ठेव, विम्याचा परतावा, पिकाचे पैसे. मग ती रक्कम हातात यायच्या दिवसानंतर सहा-सात दिवस सोडून तारीख धरा. विम्याच्या परताव्यावर मात्र तारीख बांधू नका. कॅशलेस झालं नसेल आणि बिलं नंतर पाठवली असतील, तर कंपनी एखादा कागद पुन्हा मागते आणि महिना निघून जातो. परतावा आला तर हप्ता लवकर भरा, तारीख मात्र दुसऱ्या पैशावर ठेवा.

तारीख फार लांबही नको. दुसऱ्या सत्राच्या फीचा शेवटचा हप्ता जानेवारीअखेरपर्यंत बसला तर बरं. मार्चमध्ये शाळेचे हिशेब बंद होतात, थकबाकीची यादी संस्थेकडे जाते, आणि एकदा नाव त्या यादीत गेलं की मुख्याध्यापिकांच्या हातातली गोष्ट संस्थेच्या सचिवांच्या हातात जाते.

एका पालकांचा अर्ज

आमच्याकडे सहावीत शिकणाऱ्या एका मुलीच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. ४ नोव्हेंबर २०२५ ला पहाटे तिच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला. गिरणी बंद, घरातले दोघंही हॉस्पिटलात. दुसऱ्या सत्राच्या फीची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर होती, रक्कम १८,६०० रुपये: शिकवणी फी १४,०००, संगणक व प्रयोगशाळा २,१००, बस २,५००. त्यानंतर दर आठवड्याला ५० रुपये दंड.

१० तारखेला ते खिडकीशी आले. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं:

> 'आमच्यावर आभाळ कोसळले आहे. माझे वडील दवाखान्यात आहेत व खर्च फार झाला आहे. तरी आपण सहानुभूतीपूर्वक विचार करून फी भरण्यास मुदत द्यावी व उपकृत करावे ही नम्र विनंती.'

यात खोटं काहीच नव्हतं, वाईटही काही नव्हतं. पण मुलीची तुकडी नव्हती, रजिस्टर नंबर नव्हता, आणि 'मुदत' म्हणजे किती, ते नव्हतं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, "दादा, आत्ता किती भरू शकता?" ते म्हणाले, "आठ-नऊ हजार. पण मॅडम, सगळे नाही घेतले तर पावती देता का?" देतो, म्हटलं. मग विचारलं, "उरलेले कुठून येणार?" पतसंस्थेत त्यांची आवर्त ठेव होती, दरमहा हजार रुपयांची, ती २ जानेवारीला सुटणार होती.

एवढं कळल्यावर गणित सोपं झालं. पहिला हप्ता ९,००० रुपये: त्यात बसचे २,५०० पूर्ण, उरलेले ६,५०० इतर फीत. दुसरा हप्ता ९,६०० रुपये. ठेव सुटल्यावर आठ दिवस सोडून ते १० जानेवारी म्हणत होते. मी कॅलेंडर बघितलं. १० ला दुसरा शनिवार, बँक बंद. त्यांना पतसंस्थेतून काढलेले पैसे चेकनेच भरायचे होते, म्हणून ९ जानेवारी, शुक्रवार. अशी बारीक गोष्ट आधी बघितली नाही, तर ठरल्या दिवशी माणूस खिडकीशी उभा आणि चेक मात्र सोमवारी बँकेत, असं होतं.

मग कोऱ्या कागदावर नवा अर्ज लिहिला. तो असा:

> दिनांक: १० नोव्हेंबर २०२५
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> (शाळेचे नाव व गाव)
>
> विषय: दुसऱ्या सत्राची फी दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळणेबाबत
>
> विद्यार्थिनी: (पूर्ण नाव), इयत्ता ६ वी, तुकडी ब, जनरल रजिस्टर क्र. ४१२७
>
> महोदया,
>
> माझी मुलगी वरील वर्गात शिकत आहे. तिची दुसऱ्या सत्राची फी १८,६०० रुपये असून ती भरण्याची अंतिम तारीख १५ नोव्हेंबर २०२५ आहे.
>
> माझ्या वडिलांना ४ नोव्हेंबर रोजी अर्धांगाचा झटका आला असून ते रुग्णालयात दाखल आहेत. त्यांच्या उपचारांचा खर्च व व्यवसाय बंद राहिल्यामुळे मला ही संपूर्ण रक्कम एकाच वेळी भरणे शक्य होत नाही. तरी खालीलप्रमाणे दोन हप्त्यांत फी भरण्याची परवानगी द्यावी:
>
> पहिला हप्ता: ९,००० रुपये (बस शुल्क २,५०० रुपये धरून), १५ नोव्हेंबर २०२५ रोजी
> दुसरा हप्ता: ९,६०० रुपये, ९ जानेवारी २०२६ रोजी किंवा त्यापूर्वी
>
> पहिल्या सत्राची फी मी वेळेत भरलेली आहे. वरील मुदतीत दुसऱ्या हप्त्यावर विलंब दंड आकारू नये, अशीही विनंती आहे. मंजुरी मिळाल्यास कृपया याच अर्जाच्या प्रतीवर तसा शेरा द्यावा.
>
> आपला विश्वासू,
> (सही, पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)
>
> सोबत: रुग्णालयात दाखल केल्याच्या कागदाची छायाप्रत

यात आजारपणाला दोन वाक्यं आहेत, त्याहून जास्त नाहीत. हॉस्पिटलचं बिल किती झालं हेही नाही. पालक मला नेहमी विचारतात, आकडा लिहू का? माझं मत, नको. बिल ऐंशी हजार असो की तीन लाख, शाळेचा निर्णय त्याने बदलत नाही, आणि तुमच्या घरची आर्थिक उलाढाल एका फायलीत कायमची राहते. आजाराचं नाव लिहायचं की नाही, हे घराने ठरवावं. 'कुटुंबातील सदस्याला तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले' एवढ्यावरही काम भागतं, विशेषतः आजार मानसिक असेल किंवा बाईमाणसाचा खासगी असेल तर.

'पहिल्या सत्राची फी मी वेळेत भरलेली आहे' हे वाक्य मात्र खरं असेल तर जरूर घाला. शेरा मारण्याआधी बाई मला तेच विचारतात: "यांचं मागचं काही बाकी आहे का?" अर्जातच उत्तर असलं की फाइल परत खाली येत नाही. मागची बाकी असेल तर लपवू नका, कारण ती संगणकात एका क्लिकवर दिसते. उलट ती रक्कम मांडा आणि पहिल्या हप्त्यात आधी तीच फेडा.

दंडाबद्दलचं वाक्य बहुतेक अर्जांत राहून जातं. हप्ते मंजूर होणं आणि दंड माफ होणं या कार्यालयाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५ नोव्हेंबर ते ९ जानेवारी म्हणजे जवळजवळ आठ आठवडे, ५० रुपयांनी ४०० रुपये होतात. ते मागितलंच नाही तर आम्ही माफ करू शकत नाही, आणि जानेवारीत ९,६०० घेऊन आलेल्या माणसाला १०,००० भरायला सांगावं लागतं.

'आपला विश्वासू'च्या वर 'उपकृत करावे', 'आपला ऋणी राहीन' वगैरे लिहिलंत तरी काही बिघडत नाही, पण त्याने अर्ज पुढे सरकत नाही. घरी मृत्यू झाला असेल तर तेही एका वाक्यात, तारखेसह. मृत्यूचा दाखला त्या दिवसांत हातात नसतो आणि कुणी शहाणा माणूस तो मागतही नाही. अशा वेळी सही कोण करणार हे बघावं लागतं. रजिस्टरला ज्या पालकाचं नाव आहे तेच गेले असतील, तर आईने स्वतःच्या सहीने अर्ज द्यावा आणि खाली 'विद्यार्थ्याची आई' असं लिहावं. मामा किंवा काकांच्या सहीचा अर्ज घेऊन आम्ही पंचाईतीत पडतो.

नोकरी गेली असेल तर थोडी अडचण असते, कारण पुढचे पैसे कुठून येणार हे त्या माणसालाच ठाऊक नसतं. तिथे दोन मोठ्या हप्त्यांऐवजी पहिला लहान आणि दुसरा मोठा मागण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिला हप्ता निम्म्याच्या आसपास असला की अर्ज सहज जातो. पहिला हप्ता हजार-दोन हजारांचा असला की तो हप्ता न वाटता नुसती मुदतवाढ वाटते. निम्मं जमतच नसेल, तर दोन हप्ते मागू नका. सरळ महिन्याला ठरावीक रक्कम भरायची मागणी करा आणि त्यासाठी प्रत्यक्ष भेटा.

अर्ज कधी, कुणाला, कसा द्यायचा

अंतिम तारखेच्या चार-पाच दिवस आधी. हॉस्पिटलात धावपळ चालू असेल तर आधी वर्गशिक्षिकेला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका: 'बाई, घरी अचानक वडील दवाखान्यात आहेत. फीबद्दल या आठवड्यात कार्यालयात अर्ज देतो.' त्या आमच्याकडे निरोप देतात आणि वर्गात मुलाशी जरा सांभाळून वागतात. पण व्हॉट्सअ‍ॅपला अर्ज समजू नका. तो आवक नोंदवहीत चढत नाही.

अर्जाच्या दोन प्रती आणा. एक कार्यालयात राहते. दुसरीवर आम्ही शिक्का मारून तारीख आणि आवक क्रमांक लिहून देतो, तीच पोच. ती मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण मागा. शाळेला ईमेल चालत असेल तर अर्ज टाइप करून किंवा स्वच्छ फोटो काढून पाठवा, विषयात मुलाचं नाव, इयत्ता आणि रजिस्टर नंबर लिहा, आणि उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करा.

सोबत काय जोडायचं? दाखल केल्याचा कागद किंवा डिस्चार्ज कार्डाचं पहिलं पान. पूर्ण फाइल, तपासण्यांचे अहवाल, बिलांचा गठ्ठा नको. आधार कार्डाची प्रत कुणी मागितली नसेल तर जोडू नका.

अर्ज सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी किंवा सुट्टीच्या घंटेला आणू नका. त्या अर्ध्या तासात खिडकीशी वीस माणसं असतात आणि मी तुमचा कागद न वाचताच ट्रेमध्ये टाकते. साडेअकरा ते एक ही वेळ शांत असते. आणि मुलाच्या हातून अर्ज पाठवू नका. एकदा चौथीतल्या एका पोराच्या दप्तरात असा अर्ज अकरा दिवस राहिला होता, डब्याखाली, आमटीचा डाग पडलेला.

मंजुरीनंतर

खरी गडबड इथून पुढे होते, आणि ती बहुतेक वेळा कुणाच्या वाईट हेतूने होत नाही.

मुख्याध्यापिकांनी शेरा मारला, पण संगणकातली तारीख कुणी बदलली नाही, ही सगळ्यात नेहमीची चूक. फीचं सॉफ्टवेअर मुदत उलटली की आपोआप दंड लावतं आणि आपोआप एसएमएस पाठवतं. त्याला बाईंचा शेरा कळत नाही. म्हणून पहिला हप्ता भरल्यावर दोन-तीन दिवसांनी अ‍ॅप उघडून बाकीची रक्कम आणि तिची तारीख बघा. गिरणीवाल्या दादांच्या अ‍ॅपवर '९,६००, अंतिम तारीख ९ जानेवारी' दिसायला हवं होतं. तिथे '९,६५०' दिसू लागलं तर समजायचं की दंड सुरू झालाय. पोचेची प्रत घेऊन या, पाच मिनिटांत दुरुस्त होतं. तेच दोन महिन्यांनी आणलंत तर सात-आठ नोंदी उलटवाव्या लागतात आणि त्यासाठी पुन्हा वरची सही लागते.

दुसरी अडचण पैसे भरण्याच्या मार्गाची. पुष्कळ शाळांचं ऑनलाइन पान फक्त पूर्ण रक्कम घेतं, अर्धी घेतच नाही. मग पालक शाळेच्या खात्यावर थेट ९,००० पाठवतात आणि निश्चिंत होतात. आमच्या बँकेच्या उताऱ्यात मात्र नुसते ९,००० आलेले दिसतात, कुणाचे ते कळत नाही. खात्यावर पाठवायचेच असतील तर शेऱ्याच्या जागी मुलाचा रजिस्टर नंबर टाका, आणि यूटीआर नंबर त्याच दिवशी कार्यालयाला कळवून पावती मागा. पावती हातात येईपर्यंत ते पैसे तुमच्या मुलाच्या नावावर जमा झालेले नाहीत, असंच धरा.

पावती नीट वाचा. तिच्यावर 'दुसरे सत्र, पहिला हप्ता' आणि बाकी रक्कम असावी. काही सॉफ्टवेअर आलेला पैसा आधी दंडात किंवा जुन्या बाकीत वळवतं, आणि मग ९,००० भरूनही फीत ८,९५०च जमा दिसतात.

आता पुढच्या तारखेच्या चेकबद्दल. काही शाळा दुसऱ्या हप्त्यासाठी आगाऊ तारखेचा चेक मागतात. देण्यात गैर नाही, पण समजून द्या. चेकवर लिहिलेल्या तारखेपासून तीन महिने तो चालतो, आणि त्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर तो परत जातो. कायद्याने देणं असलेल्या रकमेचा चेक परत गेला की परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चं कलम १३८ लागू होऊ शकतं. शाळा सहसा तिथवर जात नाही, पण बँकेचा दंड दोन्हीकडे बसतो आणि शाळा तो तुमच्याकडून वसूल करते. म्हणून पैशांची तारीख पक्की नसेल तर चेक देऊ नका; 'त्या दिवशी रोख किंवा यूपीआयने भरतो' असं अर्जात लिहा. चेक दिलाच तर त्याचा नंबर अर्जाच्या आपल्या प्रतीवर टिपून ठेवा, आणि पैसे दुसऱ्या मार्गाने आधी भरले तर चेक परत मागून घ्या. मी स्वतः एकदा असा चेक चुकून बँकेत टाकला होता, फी दोनदा गेली होती. परत करायला सतरा दिवस लागले, आणि त्या पालकांचे तेव्हा अतिशय ओढाताणीचे दिवस होते.

दुसऱ्या तारखेला पैसे जमले नाहीत तर

तारीख येण्याआधी कळवा. आदल्या दिवशी कळवलं तरी चालेल, नंतर नको. आणि रिकाम्या हाताने नको. जे जमेल ते भरा आणि उरलेल्याची एकच नवी तारीख द्या. मजकूर एवढाच पुरतो:

> 'माझ्या १० नोव्हेंबरच्या अर्जानुसार (आवक क्र. ….) दुसरा हप्ता ९,६०० रुपये ९ जानेवारीला देय आहे. त्यापैकी ५,००० रुपये आज भरत आहे. उर्वरित ४,६०० रुपये २३ जानेवारीपर्यंत भरेन. कृपया तोपर्यंत मुदत द्यावी.'

जुन्या अर्जाचा आवक क्रमांक दिला की आम्ही तोच कागद काढून त्यालाच हा जोडतो. सगळी गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही.

नाही म्हणाले तर

शाळा हप्ते नाकारू शकते. आमच्या महाराष्ट्रात खासगी शाळांची फी २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाखाली ठरते, पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती तिला मान्यता देते; पण एका घराच्या अडचणीसाठी हप्ते मागणं ही विनंतीच आहे, आणि ती विनंतीच्या भाषेत केलेली चांगली. पहिल्याच अर्जात कायद्याची कलमं टाकून आलेले कागद मी पाहिलेत. ते मुख्याध्यापिकांच्या टेबलावरून थेट संस्थेच्या वकिलाकडे जातात आणि महिनाभर परत येत नाहीत.

नकार आला तर आधी कारण विचारा. बऱ्याचदा अडचण तारखेची असते, रकमेची नसते. जानेवारीऐवजी डिसेंबरअखेर म्हटलं की होऊन जातं. कधी बसच्या पैशांचं अडलेलं असतं, ते पूर्ण भरले की उरलेल्याला हरकत नसते. मुख्याध्यापिकांना अधिकारच नसेल तर त्यांच्यामार्फत संस्थेच्या सचिवांना अर्ज द्या. त्यांना डावलून परस्पर वर गेलात, तर सचिव 'शाळेचा अभिप्राय' मागवतात आणि कागद परत त्याच टेबलावर येतो.

पण एक सीमा आहे, आणि ती पालकांना माहीत असावी. पहिली ते आठवीच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये ते आहे. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला कलम १७ ची बंदी आहे. फी बाकी म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर नाव वाचणं, चाचणीला न बसवणं, असं झालं तर ते सोडून देऊ नका. तारीख आणि घडलेला प्रकार लिहून मुख्याध्यापिकांना वेगळा अर्ज द्या. त्यात हप्त्यांची मागणी मिसळू नका. ही तक्रार आहे, तिला तक्रारीसारखीच पोच घ्या, आणि दखल घेतली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाता येतं.

गिरणीवाल्या दादांच्या बाबतीत असलं काही करावं लागलं नाही. ११ तारखेला शेरा आला, १५ ला ९,००० भरले, त्यांच्या प्रतीवर मी आवक क्रमांक आणि 'दंड माफ' असं दोन्ही लिहून दिलं. आजोबा डिसेंबरमध्ये घरी आले, गिरणी सकाळची चालू झाली. ६ जानेवारीला, तारखेच्या तीन दिवस आधी, ते चेक घेऊन आले. बाहीवर अजून पीठ होतं. मी पावती दिली, संगणकात बाकी शून्य झाली ती त्यांना स्क्रीन वळवून दाखवली, आणि जुन्या अर्जावर 'पूर्ण भरणा, पावती क्रमांकासह' अशी नोंद करून तो फायलीला लावला. चेक वटल्याचं दोन दिवसांनी अ‍ॅपवर बघून घ्या, एवढं मात्र जाताना सांगितलं.